खरेदीवाल्याचे तीन मुलामे

मी यंत्र अभियंता आहे, पण उभी नोकरी खरेदी विभागात काढली. त्यामुळे मला प्रत्येक वस्तूचा भाव माहीत असतो. ती वस्तू काय करते, हे सहसा माहीत नसतं. धातूवरच्या मुलाम्यांचंही तसंच. झिंक प्लेटिंग किलोवर होतं, पावडर कोटिंग चौरस फुटावर आणि हार्ड ॲनोडायझिंग चौरस इंचावर. एवढ्या ज्ञानाच्या बळावर मी वर्षानुवर्षं भोसरी-चाकणच्या जॉबवर्कवाल्यांशी तावातावाने घासाघीस केली आणि दर खाली आणले. त्या किलो, फूट आणि इंचामागे तीन वेगळे स्वभाव आहेत, हे कळायला मात्र निवृत्ती, एक मावसबहीण आणि कोकमाचं आगळ एवढी सामग्री लागली.

मावसबहीण वेंगुर्ल्याला आगळ करते. रतांब्यांना मीठ लावून जो रस सुटतो तो आगळ. आंबटपणा आणि खारटपणा, दोन्ही टोकाला गेलेले. मुलामा किती टिकतो हे पाहायला प्रयोगशाळेत बंद पेटीत पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं ३५ अंश सेल्सियसला सोडतात आणि गंज यायला किती तास लागतात ते मोजतात. वेंगुर्ल्याला ही चाचणी बाराही महिने फुकट चालू असते, आणि माझ्या बहिणीच्या पडवीत तिच्यात वरून आम्ल टाकलेलं असतं.

बाटल्यांना झाकणं बसवताना तिच्या बायकांचे तळवे सोलून निघत. मी फोनवर म्हणालो, "यंत्र करून देतो." निवृत्त माणसाने फोनवर काहीही कबूल करू नये, पण मी केलं. यंत्र साधंच: दांडा ओढला की दोन खाचांमधून ॲल्युमिनियमचा एक ठोकळा खाली सरकतो आणि बाटलीवर पत्र्याचं झाकण दाबून बसवतो. एक वाकवलेल्या पत्र्याची चौकट, तिला वेल्ड केलेलं बेअरिंगचं घर, ईएन-८ पोलादाचा शाफ्ट, तो ठोकळा, त्याचे मार्गदर्शक आणि दांडा शाफ्टवर आवळून धरणारे एम-६ चे ॲलन बोल्ट. आगळ ज्यातून वाहतं ती नळी स्टेनलेसची. तिच्याविषयी मला अक्कल होती. बाकी यंत्राला फक्त शिंतोडे आणि खारी हवा सोसायची होती. गंज आणि झीज ह्या दोन्हींवर मी तोडगा काढला तो असा: सगळ्याला काहीतरी चढवून घ्यायचं. कशाला काय चढवायचं, ते कुठल्या जागी दर चांगला मिळतो त्यावर ठरलं.

चौकट पावडर कोटिंगला गेली. रंगही मी बारकाईने निवडला होता: हिरवा, पण पोपटी नको. कोटिंगवाल्याकडच्या मुलाने चौकट उलटसुलट करून विचारलं, "साहेब, बोअरला मास्किंग करायचं का? रबरी प्लग लावावा लागेल, त्याचे पैसे वेगळे."

मी मनातल्या मनात हसलो. बोअरला रंग न लावण्याचे पैसे मागणारा विक्रेता मला नवा नव्हता. "काही लावू नको," मी म्हणालो, "आतूनही द्या. आतून गंजायला नको."

पावडर कोटिंगला मी रंग समजत होतो, तिथेच घोळ होता. ती प्लास्टिकची भुकटी असते. बंदुकीच्या टोकाशी काही दशसहस्र व्होल्ट दाब देऊन कणांना विद्युतभार देतात, अर्थ केलेल्या जॉबवर ते चिकटतात, मग साधारण २०० अंशांच्या भट्टीत भुकटी वितळून सलग होते आणि दहापंधरा मिनिटांत घट्ट होते. निघते ती प्लास्टिकची कातडी, एका बाजूला ६० ते ८० मायक्रॉन जाड. त्याहून पातळ मागितली तर पृष्ठभाग सलग येत नाही. म्हणजे "जरा हलका हात द्या" ही सवलत इथे मिळत नाही.

आता बेअरिंग. ६२०२ नावाचं, पंख्यापासून पंपापर्यंत सगळीकडे असतं ते. बाहेरचा व्यास ३५ मिलिमीटर, फार तर ११ मायक्रॉन कमी. त्याच्यासाठी मी घर ३५.०१ मिलिमीटरला बोअर करून घेतलं होतं, आणि ते तसं अचूक झालं म्हणून टर्नरला चहाही पाजला होता. कोटिंग झाल्यावर आतल्या भिंतीवर समोरासमोर ७०-७० मायक्रॉन चढले. व्यास १४० मायक्रॉनने कमी झाला आणि ३४.८७ वर आला. ज्या मुलाम्याची जाडी माझ्या सगळ्या मोकळिकीच्या कितीतरी पट होती, तो मी नेमका यंत्रातल्या सगळ्यात अचूक भोकात ओतून घेतला होता, आणि तेही मास्किंगचे पैसे वाचवून.

बेअरिंग हाताने बसेना. मग मी खरेदी विभागाची पद्धत वापरली, म्हणजे दबाव. नायलॉनच्या हातोडीने ठोकलं तसं ते आत गेलं आणि भोकाच्या कडेने हिरवी झिरमिळी सोलून बाहेर आली. बसलं म्हणून मी खूश झालो. शाफ्ट फिरवला तर तो अडखळत होता. बेअरिंगच्या आत गोळ्यांना मोकळीक असते तीच मुळी दहाएक मायक्रॉनची. बाहेरची कडी आवळली की ती संपते आणि गोळ्या घासत फिरू लागतात. मी ह्याला "नवं आहे, मोकळं होईल" असं नाव दिलं. ते खरंच मोकळं झालं, पण वेगळ्या कारणाने. बेअरिंगमागचं प्लास्टिक भाराखाली हळूहळू दबून बाहेर सरकलं आणि काही आठवड्यांत बेअरिंग घरातच डुलू लागलं. आधी जाम आणि मग ढिलं, हे दोन्ही एकाच चुकीतून निघतं ह्याची मला तेव्हा मोठी गंमत वाटली. बहिणीला वाटली नाही.

चौकटीत एक ऑइल सील मी आधीच बसवून ठेवलं होतं, काम पुढे जावं म्हणून. नायट्राइल रबराचं ते सील भट्टीच्या २०० अंशांतून जे बाहेर आलं त्याला सील म्हणणं धाडसाचं होतं.

पण पावडरने केलेली खरी फसवणूक उशिरा कळली. चौकटीचा पत्रा मी यू आकारात वाकवला होता. बाहेरून रंग आरशासारखा; आतल्या कोपऱ्यात मात्र पावसाळ्याच्या सुरुवातीलाच तांबूस रेघ उमटली. विद्युतभार वाहणारे कण जवळच्या, बाहेर आलेल्या कडांकडे ओढले जातात. खोल कोपऱ्यात विद्युतक्षेत्र पोहोचत नाही, म्हणून भुकटीही पोहोचत नाही. फॅरेडेच्या पिंजऱ्याचा हा धडा मी अभियांत्रिकीच्या परीक्षेत आकृतीसह लिहिला होता. आता भोसरीतल्या त्या मुलाने जाडी मोजायचं छोटं यंत्र कोपऱ्यावर टेकवून दाखवलं: बाहेर ७५, कोपऱ्यात १५. "साहेब, कोपरा आधी मारायचा असतो, व्होल्टेज कमी करून. पण तुम्ही घाई केलीत आणि दर पाडलात." दोन्ही आरोप खरे होते.

आणि एकदा का ही कातडी कुठे फाटली की तिच्याखालून गंज सरपटत जातो. वरून रंग शाबूत दिसतो, फक्त थोडा फुगलेला. नख लावलं की पापुद्रा निघतो आणि खाली तपकिरी चूर. ह्या कातडीला पोलादाविषयी कसलीही आस्था नाही. ती आडोसा देते. आडोसा गेला की तिचा संबंध संपला. सरकणाऱ्या जागी तर तिला बोलवूच नये, घासून ती दोन दिवसांत निघते. मोठा, मोकळा, कोणाशी न घासणारा पृष्ठभाग आणि बऱ्यापैकी गोलाई दिलेल्या कडा असल्या तर मात्र तिच्याएवढं स्वस्त आणि देखणं दुसरं काही नाही. चौकटीला ती योग्यच होती. भोकाला नव्हती.

ठोकळा आणि मार्गदर्शक ॲल्युमिनियमचे, आपल्याकडे ज्याला एचई-३० म्हणतात त्या मिश्रधातूचे. तिथे हार्ड ॲनोडायझिंग हवं हे मी कुठेतरी वाचलं होतं, आणि ही निवड बरोबर होती. माझ्या हातून घडलेल्या ह्या एकमेव बरोबर निवडीचंही मी वाटोळं कसं केलं, ते सांगण्यासारखं आहे.

ॲनोडायझिंगमध्ये बाहेरून काहीच आणून चिकटवत नाहीत. ॲल्युमिनियमचा तुकडा गंधकाम्लात धन ध्रुवाला टांगतात आणि विजेच्या जोरावर त्याच्याच पृष्ठभागाचं ऑक्साइडमध्ये रूपांतर करतात. १९२३ साली इंग्लंडमध्ये बेंगॉफ आणि स्टुअर्ट ह्यांनी ही युक्ती क्रोमिक आम्लात केली, ती सागरी विमानांच्या ड्युरॅल्युमिनच्या भागांना खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी. म्हणजे वेंगुर्ल्याचं दुखणं जुनंच होतं. साध्या ॲनोडायझिंगला आम्ल २० अंशांच्या आसपास ठेवतात. हार्डसाठी ते बर्फाच्या तापमानाजवळ आणतात, म्हणजे तयार झालेलं ऑक्साइड आम्लात परत विरघळत नाही आणि थर जाड, दाट होतो. थर वाढला की तो वीज अडवतो, म्हणून व्होल्टेज चढवत न्यावं लागतं. माझ्या जॉबला ५० मायक्रॉन सांगितले होते. ५० का? कारण २५ आणि ५० च्या दरांत फारसा फरक नव्हता, आणि जास्त मिळत असताना कमी घेणं माझ्या रक्तात नाही.

हा थर निम्मा धातूच्या आत जातो आणि निम्मा बाहेर येतो. ५० मायक्रॉनचा थर म्हणजे प्रत्येक बाजूने माप २५ मायक्रॉन वाढतं. माझा ठोकळा २०.०० मिलिमीटर रुंद होता आणि मार्गदर्शकाची खाच २०.०५. पन्नास मायक्रॉनची ही मोकळीक मी टर्नरशी भांडून मिळवली होती. ॲनोडायझिंगनंतर ठोकळा दोन्ही बाजूंनी फुगून २०.०५ झाला आणि खाच दोन्ही बाजूंनी आवळून २०.०० झाली. मोकळीक ५० ची होती ती उणे ५० झाली. कागदावर हे एका मिनिटाचं गणित आहे. मी ते जॉब घरी आणून, ठोकळा खाचेत टेकवून, दोन्ही आलटून पालटून पाहून, मग चष्मा पुसून, मग केलं.

"थोडी कानस मारतो" म्हणून बसलो तर कानसच गुळगुळीत झाली. हार्ड थर हा सिरॅमिकच्या जातीचा असतो. कानशीचे दात त्याच्यावरून घसरतात. तो कमी करायचा तर हिऱ्याच्या किंवा सिलिकॉन कार्बाइडच्या पेस्टने लॅप करायचा, नाहीतर सगळा थर रसायनाने उतरवून पहिल्यापासून सुरुवात. उतरवला की थरात गेलेलं ॲल्युमिनियमही जातं, म्हणजे जॉब मूळ मापाहून बारीक होतो. माझ्या बाबतीत खाचेला तेच उपयोगी पडलं, हा निव्वळ योगायोग. ठोकळा नवा करावा लागला.

ठोकळ्यात एम-४ ची आट्यांची भोकं होती. त्यांतून स्क्रू दीड फेरा जाऊन थांबला. आट्यांचा कोन ६० अंशांचा असल्यामुळे प्रत्येक बाजूला चढलेला थर आट्यांच्या मधल्या व्यासात चौपट होऊन मोजला जातो. २५ चे झाले १००, आणि एम-४ च्या बारीक आट्यांत एक दशांश मिलिमीटर म्हणजे पूर्ण नाकाबंदी. ॲनोडायझिंगवाले म्हणाले, "भोकांत बूच मारायला सांगायचं होतं ना!" बुचांचा दर वेगळा असतो, हे मला तेव्हा आठवलं.

त्यांनी आणखी एक छोटी पुडी माझ्या हातात ठेवली. ठोकळ्यात मी एक पोलादी डॉवेल पिन प्रेसने आधीच बसवून दिली होती. (काम पुढे जावं ही माझी सवय सीलवरून सुटली नव्हती.) आम्लात धन ध्रुवाला ॲल्युमिनियमला ऑक्साइडची ढाल तयार होते, पोलादाला नाही, ते सरळ विरघळत जातं आणि जाताना ढाल चढलेल्या बाकीच्या जॉबच्या वाट्याची वीजही आपल्याकडे ओढून घेतं. पुडीत माझी पिन होती, तोंडात विरघळत आलेल्या लिमलेटच्या गोळीसारखी, आणि तिच्या भोवतीचं भोक जळून काळं पडलं होतं. "आमची टाकी खराब झाली असती," मालक म्हणाले. ते वयाने माझ्याहून बरेच लहान होते, तरी मी त्यांना "सॉरी सर" म्हणालो.

दुसऱ्या खेपेला त्यांनीच विचारलं, "सील करायचं का?" ऑक्साइडच्या थराला सूक्ष्म छिद्रं असतात, उकळत्या पाण्यात ठेवलं की ती फुगून बंद होतात आणि गंजाला वाट राहत नाही. मी ताबडतोब हो म्हणणार होतो. फुकट होतं. पण त्यांनी हात वर केला. "सील केलं की थर थोडा मऊ पडतो. घासणारा जॉब असेल तर सील न करता तेल मुरवतात. छिद्रांत तेल धरून राहतं." म्हणजे एकाच थरात गंजापासून रक्षण आणि झिजेपासून रक्षण ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या पदरावर पाय ठेवून उभ्या असतात. नोकरीत ड्रॉइंगवर "सील" हा शब्द मी शेकडो वेळा पाहिला असेल. त्याच्यापुढे दर लिहायचा एवढाच त्याचा अर्थ मला होता.

आम्ही सील न करता तेल मुरवलं. ठोकळा अप्रतिम सरकू लागला. मात्र आगळाचे शिंतोडे जिथे सतत पडत तिथे थर हळूहळू पांढरट झाला. ॲल्युमिनियमचं ऑक्साइड साधारण चार ते साडेआठ पीएचच्या आतच सुखात राहतं; आगळ त्याच्या कितीतरी खाली. ह्यावर ॲनोडायझिंगमध्ये उपाय नव्हता. उपाय होता तो ठोकळ्यापुढे पत्र्याचा एक पडदा लावणं, आणि तो बहिणीने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मला न विचारता लावला होता.

राहिलं झिंक. किलोवर होणारं. ह्यात माझा जीव रमतो, कारण बोल्ट, वॉशर, शाफ्ट सगळं एकाच पिशवीत घालून काट्यावर ठेवता येतं. आधी शाफ्टचं थोडक्यात: आठ मायक्रॉन झिंक घेऊन तो चकचकीत निळसर झाला आणि काश्याच्या बुशात फिरून महिन्याभरात बुशाजवळ पुन्हा नागडा झाला. जस्त मऊ धातू. घासण्याच्या जागी तो राखाडी मळ होऊन निघून जातो. पण त्याच शाफ्टच्या उघड्या टोकावर मी पान्याने चरे पाडले होते, आणि तिथे गंज आला नव्हता. जस्त पोलादाच्या आधी स्वतः झिजतं, त्यामुळे बारीक चऱ्यातल्या उघड्या पोलादालाही शेजारचं जस्त सांभाळतं. पावडरला आणि ॲनोडायझिंगला हे जमत नाही. निकेललाही नाही, निकेलच्या थराला एक टाचणीएवढं भोक पडलं तर त्या भोकातलं पोलाद उलट जास्त वेगाने सडतं, कारण दोघांतलं कमी प्रतीचं आता पोलाद असतं.

बोल्टांची गोष्ट मात्र झिजेची नव्हती, बढाईची होती.

दांडा शाफ्टवर आवळायला ८.८ प्रतीचे बोल्ट पुष्कळ झाले असते. पण दुकानात १२.९ चे काळे ॲलन बोल्ट दिसले. भावात जेमतेम फरक आणि ताकद दीडपट, म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरला १२०० न्यूटनच्या वर. हे सोडून ८.८ घेणं मला अपमानास्पद वाटलं. काळा रंग खाऱ्या हवेत टिकणार नाही, म्हणून तेही झिंकच्या पिशवीत. प्लेटिंगवाले काका पिशवीत हात घालून बोल्टांची डोकी वाचत होते. "हे बारा-नऊ आहेत. ह्यांना भट्टी लागेल."

"किती?"

"रात्रभर. दोनशे अंशाला. आणि प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत घालायची, नंतर पॅसिव्हेशन. पिशवी वेगळी होईल, भाव वेगळा होईल."

मी काकांकडे अशा नजरेने पाहिलं की तिच्यात तीस वर्षांची पर्चेस ऑर्डर होती. प्लेटिंगला चमक येण्यासाठी भट्टी कशाला? "काका, मला भट्टी नको, चमक पाहिजे." काकांनी खांदे उडवले. वर्षानुवर्षं अशा गिऱ्हाइकांना खांदे उडवून त्यांचे खांदे जरा उंच झाले असावेत.

भट्टी चमकेसाठी नव्हती. प्लेटिंगच्या आधी जॉब आम्लात धुतात आणि नंतर ऋण ध्रुवाला जोडतात. दोन्ही ठिकाणी त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो. त्याचे अणू इतके लहान की काही पोलादाच्या आत शिरतात. मऊ पोलादाला त्याचं काही वाटत नाही. पण १२.९ सारखं फार कठीण केलेलं पोलाद ताणाखाली असलं की हे अणू सगळ्यात जास्त ताण असेल त्या जागी, म्हणजे बोल्टच्या डोक्याखालच्या गोलाईत नाहीतर पहिल्या आट्यात, जमा होत जातात आणि पोलाद तिथे ठिसूळ होतं. २०० अंशांच्या आसपास बरेच तास भाजलं की आत अडकलेला हायड्रोजन निरुपद्रवी होतो. उशीर केला तर तोवर बारीक भेगा पडलेल्या असतात, आणि त्या भाजून भरत नाहीत. पॅसिव्हेशन आधी केलं तर उष्णतेने तेच खराब होतं. काकांनी क्रम बरोबर सांगितला होता. मी फक्त "भाव वेगळा" हे शब्द ऐकले.

बोल्ट मी स्वतः वेंगुर्ल्याला जाऊन आवळले, आणि चांगले आवळले. एल-कीला पाइप लावून. पडवीत यंत्र उभं राहिलं, दांडा ओढला, पहिलं झाकण बसलं. टाळ्या झाल्या. रात्री सोलकढी झाली. पहाटे बहिणीने उठवलं.

"दादा, रात्री यंत्राक कोणी हात लावूक नाय, आणि ह्यो आपसूकच तुटलो."

तिच्या तळहातावर बोल्टचं डोकं होतं, चकचकीत, निळसर, कुठेही चरा नाही. मला आधी वाटलं, पोरांनी काही केलं. मग दुसऱ्या बोल्टचं डोकं आमच्या समोरच, कोणीही न शिवता, टक् आवाज करून उडालं आणि फळीखाली गेलं. यंत्र बंद होतं. दांड्यावर भार नव्हता. बोल्टवर होता तो फक्त मी आवळलेला ताण, आणि तो रात्रभर तिथे उभा होता.

हे असं तुटणं ओळखायचं कसं, ते मला नंतर काकांनी भिंग देऊन दाखवलं. जास्त आवळून तुटलेला बोल्ट आधी ताणला जातो, मानेशी बारीक होतो, आणि तुटतो तो आवळतानाच. हायड्रोजनने तुटलेल्याची मान बारीक होत नाही. तुकडे एकमेकांवर ठेवले तर जवळजवळ नीट जुळतात, तुटलेला भाग कणीदार चमकतो, आणि मुख्य म्हणजे तो तासांनी किंवा दिवसांनी तुटतो, निवांत बसलेला असताना. म्हणून अशा बोल्टांची चाचणी घेताना नमुन्याचे बोल्ट पूर्ण आवळून किमान ४८ तास तसेच ठेवतात आणि मग पाहतात. मी ही चाचणी घेतली, फक्त झोपून घेतली. सगळ्यात पुढचं म्हणजे, ८.८ च्या पोलादाला ह्या दुखण्याची धास्तीच जवळजवळ नाही. मी दीडपट ताकदीचा बोल्ट घेतला म्हणून तो तुटला. साधा घेतला असता तर आजही तिथे असता.

काकांनी उरलेले बोल्ट भाजून द्यायलाही नकार दिला. "आता काय उपयोग? तेव्हाच चार तासांत यायला हवं होतं." मग त्यांनी मला चहा पाजला, आणि मी पहिल्यांदाच त्यांना भाव न विचारता ऑर्डर दिली: ८.८ चे एम-६, आठ मायक्रॉन झिंक, ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन. आवळायला मात्र ह्या वेळी टॉर्क पाना, दहा न्यूटन-मीटरवर ठेवलेला. पाइप मी भंगारात घातला.

बाकी यंत्राचंही पुन्हा जुळवलं. चौकटीचा हिरवा रंग तसाच, पण बोअर परत साफ करून त्यात रबरी प्लग लावून घेतला आणि आतला कोपरा आधी मारून घेतला. नव्या ठोकळ्याला थर २५ मायक्रॉनच, आणि माप ड्रॉइंगवर थरानंतरचं लिहिलं. मशिनिंगला त्यातून प्रत्येक बाजूचे साडेबारा वजा करून दिले. शाफ्ट जिथे बुशात फिरतो तिथे हार्ड क्रोम चढवून, मग ग्राइंड करून मापाला आणला. हार्ड क्रोमला बारीक भेगा असतात, म्हणून खाऱ्या हवेत त्याला रोज तेलाचं बोट लागतं. ते बोट बहीण लावते.

ठिबकण धरणाऱ्या ताटलीला मात्र मला कसलाच मुलामा नको होता. तिथे मी पावडर, झिंक, ॲनोडायझिंग सगळ्यांना रामराम करून स्टेनलेस घेतलं, पत्रा ३१६ चा आणि नटबोल्टही स्टेनलेसचे. ना थर, ना मायक्रॉन, ना मास्किंग. गंजण्याचा प्रश्नच मिटला. बोल्टला वंगण लावलं नाही, कारण स्टेनलेसला वंगण कशाला? पंधरवड्याने ताटली धुवायला काढताना नट अर्धा फेरा फिरला आणि थांबला. स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की वरचा पातळ ऑक्साइड फाटतो आणि धातू धातूला पकडतो. जोर लावावा तसा आणखी पकडतो. मी जोर लावला. शेवटी बहिणीने हॅकसॉ आणून दिली आणि माझा घाम पुसेपर्यंत शेजारी उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली, "गंजलेलो बोल्ट निदान सुटता तरी."